प्रकल्प नोंदी: अर्जाच्या पत्रातली सहा वाक्यं

रविवार, १२ जानेवारी

मालवाहतुकीच्या एका कंपनीत बॅकएंड डेव्हलपरची जागा निघाली आहे. ट्रकमध्ये बसवलेल्या यंत्रांकडून नोंदी गोळा करायच्या, नेटवर्क गेलं तरी त्या हरवू द्यायच्या नाहीत, असं काम. जाहिरातीच्या शेवटी एक अट आहे: रेझ्युमेसोबत पत्र जोडा, आणि त्यात तुमच्या एकाच प्रकल्पाचं प्रमाण आणि त्यातले ट्रेड-ऑफ थोड्या वाक्यांत सांगा. मुदत शुक्रवार, २४ तारखेपर्यंत.

प्रकल्प कोणता हा प्रश्नच नाही. गेली तीन वर्षं मी दूध संकलनाच्या नोंदी घेणाऱ्या सेवेवर काम करते आहे. शेतकरी केंद्रावर दूध घालतो, काटा लिटर मोजतो, मशीन फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारे घन घटक, काढतं, पावती छापली जाते आणि तीच नोंद आमच्या सर्व्हरवर येते. दहा दिवसांनी त्या नोंदींवरून दुधाचं बिल निघतं.

पत्र शेवटी इंग्रजीत जाणार आहे. पण आधी मराठीत लिहून बघते, कारण इंग्रजीत पोकळ वाक्यही भारदस्त वाटतं. तासाभरात पहिला मसुदा झाला:

> गेली तीन वर्षं मी एका मोठ्या, अत्यंत स्केलेबल प्रणालीवर काम करत आहे. ही प्रणाली दरमहा एक कोटीहून अधिक नोंदी ९९.९९ टक्के उपलब्धतेसह हाताळते. काफ्का, रेडिस, पोस्टग्रेस आणि मायक्रोसर्व्हिसेस वापरून मी तिची रचना केली आहे.

चहा करून परत येऊन वाचलं. यातलं "दूध" कुठे गेलं? हेच पत्र वीजबिलाच्या, बँकेच्या, सिनेमाच्या तिकिटांच्या प्रकल्पावर चिकटवता येईल. शिवाय ट्रेड-ऑफ एकही नाही, म्हणजे अटीतलं अर्धं राहूनच गेलं. आणि काफ्का आमच्या सेवेत नाहीच. शेजारच्या टीमच्या रांगेतून मी एकदा चार ओळी वाचणारा कोड लिहिला होता, तेवढ्यावर तो शब्द पत्रात शिरला. काढला.

सोमवार, १३ जानेवारी, रात्री

एक कोटीचा हिशेब मांडून बसले.

केंद्रं साधारण २,३००. एका केंद्रावर एका पाळीला सरासरी ८० नोंदी. म्हणजे पाळीला १ लाख ८४ हजार, सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला ३ लाख ६८ हजार. तीस दिवसांचे १ कोटी १० लाख. आकडा खोटा नाही. पण दिवसाचे सेकंद ८६,४०० असतात, आणि ३ लाख ६८ हजारांना त्यांनी भागलं की सेकंदाला सव्वाचार नोंदी. सव्वाचार! माझ्या जुन्या लॅपटॉपवरचा पोस्टग्रेसही झोपेत एवढं करेल. पत्र वाचणारा बॅकएंडचा माणूस हा भागाकार मनातल्या मनात करणार, आणि "अत्यंत स्केलेबल" या शब्दांवर हसणार.

दूध मात्र दिवसभर सारखं येत नाही. सकाळची पाळी दोनेक तासांची. १ लाख ८४ हजार नोंदी ७,२०० सेकंदांत आल्या तर सेकंदाला पंचवीस-सव्वीस. तरीही काही भीतीदायक नाही. मग जुलैत आमची सेवा कोसळली ती कशाने, याचं उत्तर या दोन्ही आकड्यांत नाही. पत्रात प्रमाण म्हणून जो आकडा जायला हवा तो त्या सकाळचा. जुनी टिपणं काढते.

बुधवार, १५ जानेवारी

जुलैच्या त्या सकाळचं टिपण सापडलं. घटना संपल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघांनी बसून ते लिहिलं होतं. बरं झालं लिहिलं, कारण माझ्या आठवणीत सेकंदाला "तीन-चारशे" नोंदी आल्या होत्या. प्रत्यक्षात १६०.

झालं होतं असं. पश्चिमेच्या डोंगरी तालुक्यांत पावसाने वीज आणि टॉवर दोन्ही गेले. सुमारे ४०० केंद्रं दीड दिवस तुटलेली. केंद्रावरचं यंत्र नोंदी स्वतःच्या मेमरीत साठवतं, त्यामुळे दूध घेणं थांबलं नव्हतं. तीन पाळ्यांच्या नोंदी साठल्या. मग सकाळी पावणेसातला नेटवर्क एकदम परत आलं आणि सगळ्या यंत्रांनी साठवलेलं एकाच वेळी ओतायला सुरुवात केली. ४०० केंद्रं, ८० नोंदी, ३ पाळ्या: ९६ हजार. दहा मिनिटांत यायच्या म्हणजे सेकंदाला १६०.

हेही फार नाही, आणि तीच त्या सकाळची गंमत होती. डेटाबेसच्या सर्व्हरचा सीपीयू वीस टक्क्यांवर निवांत, डिस्क निवांत, आणि सेवा मात्र बंद. पहिली वीस मिनिटं आम्ही नेटवर्कलाच शिव्या घालत होतो.

खरं कारण एका ओळीत होतं, टेबलातल्या ओळीत. नोंद आली की आमचा कोड एकाच व्यवहारात, म्हणजे डेव्हलपर ज्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात त्यात, चार कामं करायचा: नोंद लिहायची, दरपत्रकातून भाव काढायचा, शेतकऱ्याला जाणारा एसएमएस रांगेत टाकायचा, आणि केंद्राच्या बेरजेच्या ओळीत लिटर वाढवायचे. बेरजेची ओळ प्रत्येक केंद्राला एकच. एका व्यवहाराने ती धरली की तो पूर्ण होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. व्यवहाराला सरासरी ३० मिलिसेकंद लागत होते आणि बेरजेला हात सुरुवातीलाच घातला जायचा, म्हणजे पूर्ण ३० मिलिसेकंद कुलूप.

एरवी हे कधी दिसलंच नाही, कारण केंद्रावर शेतकरी एकामागून एक येतात. दोन नोंदींमध्ये दीडेक मिनिट जातं. पण साठलेलं ओतताना यंत्र आठ जोडण्या एकदम उघडतं. आठही एकाच केंद्राच्या, आठही त्याच एका ओळीसाठी रांगेत. आमच्याकडे डेटाबेसची कनेक्शनं २०. आठ-आठच्या हिशेबाने अडीच केंद्रांनीच सगळी व्यापली. प्रत्येक केंद्राचं काम ३० मिलिसेकंदाला एक या गतीने, म्हणजे सेकंदाला तेहतीस. अडीच केंद्रांचे त्र्याऐंशी. येत होत्या १६०, जात होत्या ८३.

रांग सेकंदाला ७७ ने वाढत गेली. यंत्र ३० सेकंद उत्तराची वाट बघतं आणि नाही आलं तर तीच नोंद पुन्हा पाठवतं. अर्ध्या मिनिटात रांग अडीच हजारांच्या घरात गेली, म्हणजे शेवटच्या नोंदीची वाट ३० सेकंदांवर पोचली, आणि तिथून पुढे आम्ही जे काम करत होतो त्यातलं बरंचसं अशा विनंत्यांसाठी होतं ज्यांचं उत्तर ऐकायला पलीकडे कुणी थांबलेलंच नव्हतं. पुन्हा पाठवलेल्या नोंदी त्याच रांगेच्या शेपटाला लागत होत्या. तुटलेल्या तालुक्यांशी काही संबंध नसलेली बाकीची १,९०० केंद्रंही अडकली, कारण कनेक्शनं सगळ्यांना तीच वीस.

हे कळलं ते `pg_stat_activity` मध्ये बघितल्यावर. वीसच्या वीस कनेक्शनं "active", आणि जवळजवळ प्रत्येकाच्या `wait_event_type` मध्ये `Lock`. सीपीयू रिकामा आणि सगळे कुलपापाशी उभे. आम्ही त्या ४०० केंद्रांना तात्पुरतं अडवलं, बाकीची मोकळी झाली, मग पन्नास-पन्नास करून परत आत घेतली. एकूण ७० मिनिटं गेली.

पत्रातलं प्रमाण आता सापडलं: २,३०० केंद्रं, सरासरी सेकंदाला चार, तुटलेलं नेटवर्क जोडलं की १६०. महिन्याचा कोटी पुसला. थोडं वाईट वाटलं, कबूल करते. "कोटी" हा शब्द दिसायला छान असतो.

गुरुवार, १६ जानेवारी

छोटी नोंद. ९९.९९ टक्के उपलब्धता पण काढली. वर्षाची मिनिटं ५ लाख २५ हजार ६००. त्यांच्या दहाहजाराव्या भागाला ५२ मिनिटं होतात. जुलैची एक सकाळच ७० मिनिटांची. हा आकडा कुठून आला होता ते आठवलं: क्लाउड कंपनीच्या डेटाबेसच्या जाहिरातीतला. त्यांचं आश्वासन मी माझं म्हणून लिहिलं होतं.

शनिवार, १८ जानेवारी

आज ट्रेड-ऑफचं वाक्य. सकाळी लिहिलं ते असं:

> वाढत्या भारासाठी मी बेरीज असिंक्रोनस केली, त्यामुळे कामगिरी लक्षणीय सुधारली.

दुपारी आमच्या जुन्या टीम लीडला फोन केला. तो तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे गेला आणि आता महिन्याला डझनभर मुलाखती घेतो. वाक्य वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अगं, यात तू काय सोडलंस?"

"म्हणजे?"

"काहीतरी मिळालं हे कळलं. त्याच्या बदल्यात काय गेलं? आणि कुणाचं गेलं? तुझं की त्या केंद्रावरच्या माणसाचं? तेवढं नसेल तर ती नुसती दुरुस्ती झाली. ट्रेड-ऑफ म्हणू नको."

फोन ठेवून जुनी चर्चा आठवून काढली. आम्ही बदललं काय, तर नोंद घेणाऱ्या व्यवहारात आता नोंद लिहिणं आणि एसएमएसची एक ओळ टाकणं एवढंच उरलं. एसएमएस पाठवणारा वेगळा वर्कर त्या ओळी उचलतो. बेरजेच्या ओळीला तो व्यवहार हातच लावत नाही. दर पाच मिनिटांनी एक जॉब उठतो आणि मागच्या खेपेनंतर आलेल्या नोंदी मोजून बेरीज पुढे सरकवतो. कुलुपाचं भांडण संपलं, कारण त्या ओळीला आता एकच जण हात लावतो.

गेलं काय? केंद्राच्या सचिवाच्या पडद्यावरची बेरीज. पूर्वी शेतकऱ्याने कॅन रिकामं केलं की पुढच्या क्षणी आकडा वाढायचा. आता तो पाच मिनिटांपर्यंत जुना. आम्हाला वाटलं, काय फरक पडतो. पहिल्याच दिवशी पहाटेपासून फोन. एक सचिव म्हणाले, "मॅडम, माझ्या वहीत ४१२ लिटर, तुमच्या पडद्यावर ३७०. बेचाळीस लिटर प्यालं कोण?" त्यांचं बरोबर होतं. संकलन संपल्यावर दूध न्यायला गाडी येते, तिच्यासोबत चलन द्यायचं असतं, आणि चलनावर एकूण लिटर लिहायचे असतात. जुना आकडा छापून गेला तर शीतकरण केंद्रावर वजन जुळत नाही आणि भांडण सचिवाच्या गळ्यात.

मग दोन गोष्टी केल्या. बेरजेखाली "६:४५ पर्यंतच्या नोंदी" अशी वेळ दाखवायला लागलो. आणि चलन छापताना त्या एका केंद्राची बेरीज तिथल्या तिथे मूळ नोंदींवरून काढायची असं ठरवलं. ८० ओळींची बेरीज करायला काही लागत नाही, आणि चलन पाळीला एकदाच निघतं. दहा दिवसांचं बिलही असंच, थेट नोंदींवरून. ती पाच मिनिटं जुनी बेरीज फक्त बघायची, तिच्यावर पैसा किंवा कागद काहीच अवलंबून नाही.

हे सगळं वाक्यात बसवायचं तर:

> बेरीज मी व्यवहाराबाहेर काढली. त्याची किंमत: सचिवाला दिसणारी बेरीज पाच मिनिटांपर्यंत जुनी असू शकते, चलन आणि बिल मात्र नेहमी मूळ नोंदींवरूनच निघतात.

लीडला पाठवलं. उत्तर आलं: "आता विचारायला प्रश्न सुचतायत. ठेव."

रविवार, १९ जानेवारी

एक प्रश्न टाळत होते, आज त्याला भिडले. जुलैनंतर महिन्याभराने घडलेली माझी चूक पत्रात घालायची का?

पुन्हा पाठवलेल्या नोंदींचा बंदोबस्त मी केला होता. यंत्र नोंद पाठवतं, आम्ही लिहितो, पण "मिळालं" हे आमचं उत्तर वाटेत हरवतं. यंत्र पुन्हा पाठवतं. आम्ही ती दोनदा लिहिली तर शेतकऱ्याला दुप्पट पैसे. म्हणून प्रत्येक नोंदीला ओळख हवी. यंत्राने स्वतः तयार केलेला एकमेव क्रमांक मिळाला असता तर प्रश्नच नव्हता, पण यंत्रं बाहेरच्या उत्पादकाची, त्यांच्या आतला प्रोग्राम आम्हाला बदलता येत नाही. ती देतात फक्त पाळीतला अनुक्रमांक: १, २, ३. मग ओळख ठरवली ती केंद्र, यंत्र, तारीख, पाळी आणि अनुक्रमांक यांची मिळून.

```sql
INSERT INTO entries
  (centre_id, device_id, coll_date, shift, seq_no, body_hash)
VALUES ($1, $2, $3, $4, $5, $6)
ON CONFLICT (centre_id, device_id, coll_date, shift, seq_no)
DO NOTHING
RETURNING id;
```

तेव्हा यात `body_hash` नव्हता आणि `RETURNING` ही नव्हतं. तीच ओळख परत आली की गपचूप सोडून द्यायची आणि यंत्राला "मिळालं" सांगायचं. महिनाभर सुरळीत चाललं.

मग एका केंद्रावर पाळीच्या मध्यात यंत्राची बॅटरी बदलली. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि अनुक्रमांक परत १ पासून. बॅटरी बदलल्यानंतर दूध घालणाऱ्या पहिल्या २३ शेतकऱ्यांच्या नोंदी आमच्या लेखी "आधीच आलेल्या" होत्या. आम्ही त्या टाकून दिल्या, आणि यंत्राला सांगितलं की मिळाल्या. यंत्राने त्या मेमरीतून पुसल्या. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये लाल ओळ नाही, आलेख हिरवेगार.

उघडकीला आलं ते दहा दिवसांनी, बिल वाटताना. हातात पावती होती आणि बिलात त्या सकाळचा खाडा. माणशी सरासरी सहा लिटर धरले तर १३८ लिटर, लिटरला तीस रुपयांच्या हिशेबाने चार हजारांच्या आसपास. कंपनीच्या दृष्टीने काही नाही. ज्याच्या बिलातून एक वेळचं दूध गायब होतं त्याच्या दृष्टीने आम्ही चोर. सचिवांच्या कागदी वहीवरून त्या २३ नोंदी हाताने भरल्या. त्या वहीला मी आधी मनातून नावं ठेवत असे.

दुरुस्ती अशी: नोंदीतल्या मजकुराचा, म्हणजे सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ आणि वेळ यांचा, हॅश, म्हणजे त्या मजकुरावरून काढलेला छोटा ठसा, सोबत लिहायचा. `RETURNING` ने ओळ परत दिली नाही तर ओळख आधीची आहे. मग जुना हॅश बघायचा. तोच असेल तर खरंच पुन्हा आलेली नोंद. वेगळा असेल तर दोन वेगळ्या नोंदी एकाच क्रमांकावर आल्या आहेत. ती वेगळ्या टेबलात ठेवायची आणि माणसाने बघायची. याचाही खर्च आहे: कार्यालयातल्या एका बाईंना रोज पंधरा-वीस नोंदी केंद्राला फोन करून तपासाव्या लागतात. हे आपोआप सोडवायचा मोह मला दोनदा झाला. पण यंत्राचं घड्याळही बॅटरीसोबत चुकतं, त्यामुळे कोणती नोंद खरी हे कोडने ठरवणं म्हणजे परत तसाच जुगार.

आणि एक मोजणी वाढवली: पाळी संपल्यावर यंत्र "मी एवढ्या पावत्या छापल्या" असा आकडा पाठवतं. तो यंत्राकडे आधीपासून यायचा, आम्ही वाचतच नव्हतो. आता तो आणि आमच्या नोंदी जुळल्या नाहीत की त्याच दिवशी कळतं, दहा दिवस थांबावं लागत नाही. मात्र बॅटरी मध्येच बदलली तर हा आकडाही शून्यावरून सुरू होतो. तेव्हा "यंत्र म्हणतं कमी, आमच्याकडे जास्त" असा उलटा फरक दिसतो, आणि तोही तपासायचा.

पत्रात घालायची का ही गोष्ट? आई म्हणाली, अर्जात कुणी आपल्या चुका लिहितं का. तिचंही खरं आहे.

मंगळवार, २१ जानेवारी

चूक घालते आहे. एकाच वाक्यात. ट्रकमधली यंत्रंही पुन्हा पाठवणार, त्यांचीही बॅटरी जाणार. या लोकांना तोच खड्डा समोर आहे.

आज दोन किरकोळ कामं. एक, "मी" आणि "आम्ही" वेगळे केले. बेरीज बाहेर काढण्याची कल्पना आणि कोड माझा, पण ४०० केंद्रं अडवून बाकीची सोडवण्याचा निर्णय त्या सकाळी सहकाऱ्याने घेतला होता. पत्रात तो प्रसंग येत नाही, मुलाखतीत विचारलं तर त्याचं श्रेय त्याला. दुसरं, आकडे गोल केले आणि दूध संघाचं, कंपनीचं नाव कुठेच घातलं नाही. डॅशबोर्डचं चित्र जोडायचं मनात आलं होतं. ते कंपनीचं आहे, माझं नाही. शिवाय अजून इथेच नोकरीला आहे आणि नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड आहे, तेव्हा गुपचूपच बरं.

बुधवार, २२ जानेवारी

एक वाक्य लिहून कापलं: "काफ्का न वापरता एकाच पोस्टग्रेसवर भागवलं." कापलं कारण त्याला स्पष्टीकरणाशिवाय अर्थ नाही, आणि स्पष्टीकरणाला चार वाक्यं लागतात. इथे लिहून ठेवते, विचारतील.

जुलैनंतर सेवेच्या पुढे काफ्काची रांग बसवायचा प्रस्ताव खरंच आला होता. त्याने यंत्रांना उत्तर लगेच मिळालं असतं आणि पुन्हा पाठवण्याचा लोंढा थांबला असता, हे मान्य. पण मागे तेच कुलूप तसंच राहिलं असतं, नोंद दोनदा आली का हे शेवटी डेटाबेसातच बघावं लागलं असतं, आणि पहाटे पाचला ती रांग बिघडली तर उठायला आम्ही दोघंच. कुलूप काढल्यावर जुलैच्याच नोंदी चाचणीच्या सर्व्हरवर परत ओतून पाहिल्या. सेकंदाला ९०० पर्यंत गेलो आणि तिथे नोंदी पाठवणारी आमची मशीनच दमली. म्हणून "आमची क्षमता ९०० आहे" असंही मी लिहीत नाही. एवढंच कळलं की १६० च्या साडेपाचपटीपर्यंत सेवा अडली नाही. केंद्रं दहापट झाली तर आधी एकेक नोंदीऐवजी गठ्ठ्याने लिहायला लागू, रांगेचा विचार त्यानंतर.

गुरुवार, २३ जानेवारी

शेवटचा मराठी मसुदा. सुरुवातीची नमस्काराची ओळ आणि शेवटचं आभाराचं वाक्य सोडून:

> मी दूध संकलनाच्या नोंदी घेणाऱ्या सेवेवर तीन वर्षं बॅकएंड डेव्हलपर आहे. सुमारे २,३०० केंद्रांवरून सरासरी सेकंदाला चारच नोंदी येतात, पण तुटलेलं नेटवर्क परत जोडलं की दहा मिनिटं सेकंदाला १६०. अशाच एका सकाळी प्रत्येक नोंद केंद्राच्या बेरजेच्या एकाच ओळीवर कुलूप लावत असल्याने सेवा ८३ वर अडकली आणि ७० मिनिटं बंद राहिली. मी बेरीज त्या व्यवहाराबाहेर काढून दर पाच मिनिटांनी काढायला लावली, आणि त्याच नोंदी चाचणीत परत ओतल्यावर सेवा सेकंदाला ९०० पर्यंत अडली नाही. याची किंमत केंद्राच्या सचिवाने मोजली: त्याला दिसणारी बेरीज पाच मिनिटांपर्यंत जुनी असू शकते, म्हणून तिच्यावर वेळ छापतो आणि चलन व बिल मूळ नोंदींवरूनच काढतो. पुन्हा आलेली नोंद ओळखण्याचा माझा पहिला नियम यंत्राच्या अनुक्रमांकावर विसंबून होता आणि बॅटरी बदलल्यावर त्याने २३ खऱ्या नोंदी टाकून दिल्या; आता मजकूर वेगळा असेल तर नोंद माणसाकडे जाते, म्हणजे रोज पंधरा-वीस नोंदी हाताने तपासण्याचं काम आम्ही पत्करलं आहे.

सहा वाक्यं. शेवटचं फार लांब आहे, इंग्रजीत त्याचे दोन तुकडे करेन. लीडने एकच शेरा दिला: "८३ कशाला, ८० म्हण. आकडा इतका नेमका असला की लोकांना तो मोजलेला वाटतो, तू तो भागाकाराने काढलायस." बरोबर. त्या सकाळच्या आलेखात तो ७५ आणि ९० च्या मध्ये नाचत होता. "सुमारे ८०" केलं.

रात्री सव्वाअकराला पाठवलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

फोनवरची पहिली फेरी झाली, पंचवीस मिनिटं. पलीकडच्या बाईंचा पहिला प्रश्न: "पाचच मिनिटं का? एक का नाही, पंधरा का नाही?"

याचं उत्तर पत्रात नव्हतं, पण माझ्याकडे होतं. शेवटचा शेतकरी गेल्यापासून गाडी सुटेपर्यंत दहाएक मिनिटं असतात; तेवढ्यात पडद्यावरचा आकडा एकदा तरी ताजा व्हायला हवा, म्हणजे सचिव वहीशी ताडून बघू शकतो. पंधरा मिनिटं त्याला उपयोगाची नाहीत. आणि सगळ्या केंद्रांच्या बेरजेला गर्दीच्या वेळी चाळीसेक सेकंद लागतात, त्यामुळे दर मिनिटाला चालवलं तर एखाद्या वाईट सकाळी पहिला जॉब संपायच्या आत दुसरा उठतो.

मग त्यांनी विचारलं की पाच मिनिटांचा जॉब मेला तर कसं कळतं. बेरजेवर वेळ छापलेली असते, म्हणाले, ती दहा मिनिटांहून जुनी झाली की आम्हाला इशारा येतो. "आणि इशारा देणाराच मेला तर?"

तेव्हा सचिवांचा फोन येतो, असं सांगितलं. त्या हसल्या. पुढची फेरी सोमवारी आहे. तोपर्यंत इशाऱ्याचा एक वेगळा, बाहेरून बघणारा जॉब लावायचा आहे. या नोकरीतही तो लागेलच.